०.९२ म्हणजे नक्की काय? नवी मुंबईचे पत्ते आणि जिओकोडरचा स्कोअर

सकाळचे साडेसहा. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून एक काका नेरुळच्या सेक्टर ६ मध्ये चहासुद्धा न घेता बसलेले, आणि आमचा नमुने घेणारा मुलगा सेक्टर ४२ मध्ये एका बंद गेटसमोर उभा. त्याचा फोन आला, "ताई, इथे प्लॉट नंबर बेचाळीस विचारला तर वॉचमन म्हणतो, अख्खा सेक्टरच बेचाळीस आहे. कुठला प्लॉट?"

मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन नमुने घेण्याचं वेळापत्रक लावते. पेशंटने दिलेला पत्ता सिस्टीममध्ये टाकला की तो एका जिओकोडिंग सेवेकडे जातो. ही सेवा पत्त्यातले शब्द वाचते, नकाशावरची जागा शोधते आणि तिचे अक्षांश-रेखांश परत पाठवते. सोबत एक आकडाही येतो, ज्याला सगळे कॉन्फिडन्स स्कोअर म्हणतात. आमचा तेव्हाचा नियम सरळ होता: स्कोअर ०.८५ च्या वर असेल तर पत्ता थेट मुलांच्या रूटमध्ये, खाली असेल तर डेस्कवरून पेशंटला फोन. काकांच्या पत्त्याला ०.९२ मिळाले होते, म्हणून कुणी फोन केला नाही.

त्या दिवशी मी ते उत्तर उघडून नीट वाचलं. नको ते भाग काढून टाकले तर ते असं होतं:

```
query : Plot 42, Sector 6, Nerul
match : Sector 42, Nerul, Navi Mumbai
level : neighbourhood
score : 0.92
```

पाठवलेली ओळ आणि मिळालेली ओळ एकाखाली एक ठेवून पाहा. आम्ही पाच तुकडे पाठवले: प्लॉट, ४२, सेक्टर, ६, नेरुळ. सेवेला जी जागा सापडली तिच्या नावात तीन महत्त्वाचे तुकडे आहेत: सेक्टर, ४२, नेरुळ. हे तिन्ही आमच्या ओळीत आहेत. म्हणजे उत्तराच्या बाजूने मोजलं तर तीनपैकी तीन जुळले, शंभर टक्के. आमच्या बाजूने मोजलं तर पाचपैकी तीनच जुळले आणि 'प्लॉट' व '६' हे दोन तुकडे कुणी विचारात न घेता बाजूला पडले. कुठल्या बाजूला किती वजन द्यायचं हे प्रत्येक सेवा आपल्या हिशोबाने ठरवते आणि तो हिशोब सहसा बाहेर दिसत नाही. आमच्या सेवेने उत्तराच्या बाजूला जास्त वजन दिलं असावं, एवढंच आकड्यावरून कळतं.

यात सेवा खोटं बोलली नाही. तिला जे विचारलं गेलं आहे असं तिला वाटलं, त्याच्याशी उत्तर ९२ टक्के जुळतं असं ती म्हणाली. काका त्या ठिकाणी भेटण्याची शक्यता ९२ टक्के आहे, असं तिने कुठेच म्हटलेलं नाही. तो अर्थ आम्ही काढला होता. माझ्या मते जिओकोडिंगमधली निम्मीअधिक फसगत याच ठिकाणी होते: शब्द जुळल्याचा आकडा आपण जागा बरोबर असल्याचा आकडा म्हणून वाचतो.

नवी मुंबईत हे वारंवार का होतं, ते इथल्या आखणीत आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि शहर नोडमध्ये वाटून वसवलं गेलं. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे, ऐरोली, खारघर, कामोठे असे नोड, प्रत्येक नोडमध्ये सेक्टर आणि सेक्टरमध्ये प्लॉट. सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये नव्याने सुरू होतात. त्यामुळे सेक्टर १९ वाशीत आहे, नेरुळला आहे, कोपरखैरण्यात आहे, खारघरलाही आहे. पुढे त्यातच १९ए सारखे जोडसेक्टर आले. इमारतींचीही तीच गत. गणपतीची, देवीची आणि फुलांची नावं असलेल्या सोसायट्या दर नोडमध्ये सापडतात. ठाण्याच्या नौपाड्यात किंवा पाचपाखाडीत रस्त्याचं आणि इमारतीचं नाव पत्त्याचा मुख्य भार उचलतं. इथे तो भार दोन-तीन आकड्यांवर असतो. आकडे एकमेकांच्या जागी सहज बसतात आणि शब्द जुळवणाऱ्या यंत्राला प्रत्येक वेळी सगळं जुळल्यासारखंच दिसतं.

## एकाच नावाचे वेगवेगळे आकडे

'कॉन्फिडन्स' हे नाव पाहिलं की सगळीकडे एकच गोष्ट मोजली जात असेल असं वाटतं. तसं नाही. सेवांच्या माहितीपत्रकांत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ती वाचायला वेळ कुणाला मिळतो?

ओपनकेज या जिओकोडिंग सेवेच्या उत्तरात `confidence` नावाचा १ ते १० असा आकडा येतो. तो शब्दांच्या जुळणीबद्दल काहीच सांगत नाही. सापडलेल्या जागेभोवती जी चौकट येते, ती किती मोठी आहे यावर तो ठरतो. चौकट पाव किलोमीटरपेक्षा लहान असेल तर १०, पंचवीस किलोमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर १. म्हणजे चुकीच्या नोडमधली एक लहानशी इमारत सापडली तरी तिथे १० येऊ शकतात. जागा नेमकी आहे एवढंच ते १० सांगतात. ती आपली आहे का, हा प्रश्न उरतोच.

नॉमिनॅटिम ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारी सेवा. तिच्या उत्तरात `importance` असतं आणि पुष्कळ लोक ते स्कोअर म्हणून वापरतात. ती जागा किती प्रसिद्ध आहे याचा तो अंदाज आहे, आणि त्यात विकिपीडियावरून काढलेल्या महत्त्वाचा वाटा असतो. मोठं शहर वर आणि गल्लीतली सोसायटी खाली, मग सोसायटीचा पत्ता अगदी बरोबर सापडलेला का असेना. या आकड्यावर उंबरठा, म्हणजे पास-नापासची रेषा, लावली तर बरोबर घरं गळतात आणि 'नवी मुंबई' एवढंच उत्तर आलेले पत्ते पास होतात.

गूगलच्या जिओकोडिंगमध्ये आकडा नाहीच. तिथे `location_type` येतं आणि त्यात चार शब्दांपैकी एक असतो: `ROOFTOP`, `RANGE_INTERPOLATED`, `GEOMETRIC_CENTER` किंवा `APPROXIMATE`. पहिला म्हणजे नेमका पत्ता, दुसरा म्हणजे दोन माहीत जागांमध्ये अंदाजाने काढलेली जागा, तिसरा म्हणजे एखाद्या रस्त्याचा किंवा भागाचा मध्य, चौथा म्हणजे ढोबळ. याशिवाय `partial_match` असं एक निशाण असतं. ते आलं तर विचारलेला पत्ता जसाच्या तसा सापडला नाही, काही भागच जुळला, असं समजायचं. हिअरच्या सेवेत `queryScore` हा एकूण जुळणीचा आकडा असतो आणि `fieldScore` मध्ये शहर, रस्ता, घर क्रमांक यांचे वेगळे आकडे मिळतात. मला ही मांडणी सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण कुठला तुकडा ढिला आहे ते दिसतं.

म्हणून सेवा बदलली की जुना उंबरठा नव्या आकड्यावर लावू नये. एकीकडचे ०.८५ दुसरीकडच्या ८.५ च्या जागी बसत नाहीत.

## आकड्याआधी पातळी

काकांच्या उत्तरात स्कोअरच्या वरच एक ओळ होती, `level : neighbourhood`. त्या दिवशी आम्हाला वाचवू शकली असती अशी हीच ओळ. सापडलेली वस्तू कुठल्या पातळीची आहे, ते ती सांगते: इमारत, रस्ता, वस्ती, पिनकोड की शहर. आमच्या बाबतीत सापडलं होतं ते वस्तीचं, म्हणजे सेक्टरचं नाव. सेक्टरला दरवाजा नसतो, म्हणून सेवा त्याच्या साधारण मध्यावर टाचणी ठोकते. सेक्टर अर्धा-पाऊण किलोमीटर पसरलेला असेल, तर नाव अगदी बरोबर निघालं तरी टाचणी घरापासून दोन-चारशे मीटरवर पडू शकते. मधे मोठा रस्ता किंवा रेल्वेचे रूळ आले तर हेच अंतर पायी आणखी वाढतं.

अशा टाचण्या ओळखायची एक युक्ती आहे, आणि तिला कुठलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही. पत्त्यांची यादी एक्सेलमध्ये घ्या आणि अक्षांशाच्या रकान्यावर क्रमाने लावून पाहा. वेगवेगळ्या सोसायट्यांच्या दहा-पंधरा पत्त्यांचे अक्षांश-रेखांश शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत सारखे दिसले, तर ती घरं एका जागी नाहीत, सगळ्यांना मधल्या टाचणीवर गोळा केलेलं आहे. आमच्या यादीत मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सेक्टरच्या सेक्टर असे एका बिंदूवर जमलेले दिसले. पुष्कळांचे स्कोअर ०.९ च्या वर होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही होते. सेक्टर त्यांनी अचूक ओळखला होता.

इथे दशांशाने फसायला होतं. `19.0381742` असा आकडा पाहिला की फार बारीक मोजणी झाली असं वाटतं. आपल्याकडे अक्षांशाचा चौथा दशांश म्हणजे सुमारे ११ मीटर आणि सातवा म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर. सेक्टरच्या मध्यावरची टाचणीही सात दशांशांनीच लिहून येते. लिहिण्याची पद्धत तशी आहे म्हणून ते दशांश येतात, त्यांचा नेमकेपणाशी संबंध नाही.

## आकड्याचं आडनाव

दुसरी तपासणी आम्ही स्वतः लिहिली. पत्त्यातला प्रत्येक आकडा कशाचा तरी असतो: प्लॉटचा, सेक्टरचा, रूमचा, मजल्याचा, पिनचा. मी आमच्या मुलांना सांगते की आकड्याला आडनाव असतं. ४२ चं आडनाव प्लॉट आहे, ६ चं आडनाव सेक्टर. उत्तरात ४२ आला पण त्याचं आडनाव सेक्टर झालं असेल, तर तो आपला ४२ नव्हे.

हे तपासायला पत्ता आधी सरळ करून घ्यावा लागतो. लोक 'से. ६', 'Sec-6', 'सेक्टर नं. ६', 'Sect 6' असं काहीही लिहितात. ते सगळं एका रूपात आणायचं आणि मग आकडा व त्याचं आडनाव यांच्या जोड्या काढायच्या. काकांच्या पत्त्याच्या जोड्या होतात प्लॉट-४२ आणि सेक्टर-६. उत्तराची जोडी एकच, सेक्टर-४२. आता नियम असा: दोन्हीकडे 'सेक्टर' आहे पण आकडा वेगळा आहे, तर स्कोअर कितीही असो, उत्तर नाकारायचं. पाठवलेल्यातली जोडी उत्तरात दिसलीच नाही, जसा इथे प्लॉट-४२, तर उत्तर नाकारायचं नाही पण त्याची पातळी सेक्टरपुरतीच धरायची. 'जुळलं नाही' आणि 'विरोधात गेलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच स्कोअर दोन्हींना थोडे-थोडे गुण कापून एका आकड्यात कालवून टाकतो, आणि मग काय घडलं ते कळायला मार्ग उरत नाही.

६ आणि ६ए वेगळे धरायचे, हे सुरुवातीला आमच्या लक्षात आलं नव्हतं. अक्षर गाळणारी सफाई सोपी असते, पण नेरुळचा वंडर्स पार्क सेक्टर १९ए मध्ये आहे, १९ मध्ये नाही. तिथला पत्ता सफाईतच बिघडला तर पुढे कुठलीच सेवा तो सुधारू शकत नाही.

उलटी चूकही होते आणि तिच्याकडे लोक कमी लक्ष देतात. सीवूड्समधली मंडळी पत्त्यात 'सीवूड्स' लिहितात, तर बऱ्याच कागदपत्रांवर तेच सेक्टर 'नेरुळ' म्हणून असतात. 'सेक्टर ४२, सीवूड्स' शोधला आणि उत्तर 'सेक्टर ४२, नेरुळ' आलं, तर एक शब्द न जुळल्याने स्कोअर घसरतो, पण जागा तीच असते. स्टेशनच्या नावात तर सीवूड्ससोबत दारावेही आहे. अशा जोडनावांची आपली एक छोटी यादी ठेवली की विनाकारण होणारे फोन पुष्कळ कमी होतात. ही यादी रूटवरची मुलं दहा मिनिटांत सांगतात. ऑफिसात बसून ती कुणाला सुचत नाही.

## दुसरा नंबर कुणाचा?

बहुतेक सेवांना एकापेक्षा जास्त उत्तरं मागता येतात. आपण आळसाने पहिलंच घेतो. 'सेक्टर १९, नवी मुंबई' एवढाच पत्ता असेल तर वाशी, नेरुळ, कोपरखैरणे, खारघर असे उमेदवार जवळपास सारख्याच गुणांनी येतील. त्यांच्यातला पहिला का पहिला आला? कदाचित तो जास्त प्रसिद्ध आहे म्हणून, कदाचित सेवेला आपण दिलेल्या नकाशाच्या मध्याजवळ तो आहे म्हणून. पेशंटच्या पत्त्याशी त्या क्रमाचा काही संबंध नाही. नेरुळ आणि कोपरखैरणे यांच्यात सरळ रेषेतच सात-आठ किलोमीटर आहेत. सकाळच्या वेळी एक फेरी वाया गेली की पुढच्या चार पेशंटांची उपासाची वेळ पुढे सरकते.

म्हणून मी पहिल्या दोन उत्तरांतलं अंतर पाहते, गुणांचंही आणि जमिनीवरचंही. गुण जवळजवळ सारखे आणि जागाही शेजारीशेजारी, तर बिघडलं नाही. एकाच सोसायटीची दोन गेटं असतील. गुण सारखे पण जागा अर्ध्या किलोमीटरहून लांब, तर त्या पत्त्याला मी स्कोअर नाही असंच धरते. जमिनीवरचं अंतर काढायला आपल्या भागापुरतं एवढं पुरतं, उत्तर मीटरमध्ये येतं:

```
dy = (lat2 - lat1) * 111000
dx = (lon2 - lon1) * 105000
d  = SQRT(dx^2 + dy^2)
```

इथे पिनकोड फार कामाचा ठरतो, पण त्याचं काम कुठे संपतं ते माहीत हवं. वाशी ४००७०३, नेरुळ ४००७०६, ऐरोली ४००७०८, कोपरखैरणे ४००७०९, खारघर ४१०२१०. नोडची गल्लत पिनने लगेच पकडली जाते. नोडच्या आतली गल्लत मात्र त्याला दिसत नाही. काकांचा सेक्टर ६ आणि मुलगा पोचला तो सेक्टर ४२, दोन्ही ४००७०६ मध्येच येतात. त्या दिवशी पिन लिहिलेला असता तरी स्कोअर आणखी वाढला असता आणि चूक तशीच राहिली असती.

"मग दोन सेवांना विचारू, दोघींचं एकमत झालं की झालं," असं आमच्या टीममध्ये कुणीतरी म्हणालंच. युक्ती चांगली आहे, पण दोघींची माहिती खरोखर वेगळी असेल तरच. पुष्कळ सेवा आतून ओपनस्ट्रीटमॅपचीच माहिती वापरतात. तिथे एखादा सेक्टर चुकीच्या जागी आखलेला असेल, तर दोघी एकच चूक एकसुरात सांगतील. तसंच मिळालेले अक्षांश-रेखांश त्याच सेवेला परत देऊन 'हा पत्ता कुठला?' असं विचारणं हाही पुरावा होत नाही. तिने जिथे टाचणी ठोकली तिथलंच नाव ती परत वाचून दाखवते.

## आपला उंबरठा आपणच काढायचा

इतकं सगळं पाहिल्यावर स्कोअर टाकूनच द्यायचा का? नाही. एका पातळीच्या पत्त्यांमध्ये जास्त गुणांचे पत्ते कमी गुणांच्या पत्त्यांपेक्षा खरंच बरे निघतात. फक्त किती बरे, हे सेवा आपल्याला सांगू शकत नाही. ते आपल्याच पत्त्यांवर मोजावं लागतं.

मोजायला खरी जागा माहीत असलेले पत्ते हवेत. आमच्याकडे ते आपोआप तयार होतात: मुलगा नमुना घेतल्याची नोंद करतो, त्या क्षणी फोनचं लोकेशन साठवलं जातं. उघड्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत नेमका असतो, उंच इमारतींच्या मधे बिघडतो. अँड्रॉइड प्रत्येक लोकेशनसोबत `accuracy` हा मीटरमधला आकडा देतो, आणि त्याचा अर्थ असा की खरी जागा त्या त्रिज्येच्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. कॉन्फिडन्स म्हणावं असं हे निर्मळ विधान आहे: अंतर किती आणि शक्यता किती, दोन्ही सांगितलेलं. आम्ही २० मीटर किंवा त्याहून कमी `accuracy` असलेल्या नोंदीच खऱ्या धरतो.

एक काळजी घ्यावी लागते. फक्त पार पडलेल्या भेटी घेतल्या, तर जे पत्ते सापडलेच नाहीत ते मोजणीतून गळतात आणि निकाल असतो त्याहून चांगला दिसतो. रद्द झालेल्या भेटींचे पत्तेही शोधून, पेशंटकडून लोकेशन मागवून, त्यात घालावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय मोजणी करू नये असं माझं ठाम मत आहे.

आता हिशोब कसा करायचा ते सोप्या आकड्यांत दाखवते. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, तुमचे वेगळे येतील. समजा, स्कोअर ०.९ किंवा जास्त असलेले ८० पत्ते आहेत आणि 'बरोबर' म्हणजे खऱ्या दारापासून १०० मीटरच्या आत. त्यातले ५२ बरोबर निघाले. म्हणजे ६५ टक्के, आणि वाटतं की ०.९ पुरेसे नाहीत, ०.९५ करू. थांबा. हेच ८० पत्ते पातळीनुसार वेगळे करा. इमारतीच्या पातळीचे ५० होते, त्यातले ४८ बरोबर, म्हणजे ९६ टक्के. सेक्टरच्या पातळीचे ३० होते, त्यातले ४ बरोबर, म्हणजे १३ टक्के. स्कोअर तोच आणि भरवसा जमीन-अस्मानाच्या फरकाचा. उंबरठा ०.९५ केला असता तरी सेक्टरवाले बरेच आत राहिले असते, कारण शब्दांच्या बाबतीत ते निर्दोष आहेत, आणि इमारतवाले चांगले पत्ते उगाच बाहेर गेले असते.

नमुना लहान असेल तर एक साधा नियम लक्षात ठेवा. ६० पत्ते तपासले आणि एकही चुकला नाही, तरी चुकीचं प्रमाण शून्य आहे असं म्हणता येत नाही. ३ ला तपासलेल्या संख्येने भागा: ३ भागिले ६० म्हणजे ५ टक्के. खरं चुकीचं प्रमाण तेवढ्यापर्यंत असू शकतं, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. एक टक्क्याच्या आत असल्याची खात्री हवी असेल तर एकही चूक न सापडता ३०० पत्ते तपासावे लागतील. आणि हे पत्ते सगळे वाशीचे घेऊन उलव्याला निकाल लावू नका. नकाशावर जुने नोड दाट भरलेले असतात, नवे विरळ, आणि गावठाणांत तर प्लॉट-सेक्टरची भाषाच चालत नाही. तिथे घर क्रमांक, आळी आणि देवळाची खूण चालते.

मग किती टक्के पुरे? ते काम ठरवतं. कुठल्या नोडमधून किती पेशंट येतात हे मोजायचं असेल, तर सेक्टरच्या मध्यावरची टाचणी उत्तम चालते, तिथे नोड बरोबर असला की झालं. उपाशी माणसाच्या दारात साडेसहाला पोचायचं असेल तर चालत नाही. आमच्याकडे फोन करायला दोन मिनिटं लागतात आणि चुकलेली फेरी निस्तरायला पाऊण तास, म्हणजे साधारण बावीसपट. त्या हिशोबाने चुकण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या वर गेली की फोन करणंच स्वस्त पडतं. वर दाखवलेले ९६ टक्केवाले पत्ते या रेषेच्या जेमतेम आत बसतात.

आज काकांचा पत्ता आला तर काय होईल? स्कोअर अजून ०.९२ च येतो, मी परत टाकून पाहिला. पण आता सेक्टर-६ आणि सेक्टर-४२ विरोधात दिसतात, म्हणून उत्तर तिथेच नाकारलं जातं आणि पत्ता डेस्कवर येतो. डेस्कवरची मुलगी 'पत्ता बरोबर आहे का?' असं विचारत नाही, कारण त्यावर सगळे हो म्हणतात. ती विचारते, "काका, तुमचा सेक्टर कितवा आणि प्लॉट कितवा? रिक्षावाल्याला तुम्ही काय सांगता?" काका म्हणाले होते, "सेक्टर सहा. सारसोळे गावाकडे चल म्हणतो." हे उत्तर आता त्यांच्या नावासमोर लिहिलेलं आहे, आणि त्याखाली पुढच्या भेटीत फोनने टिपलेले अक्षांश-रेखांश, `accuracy` 8.